उकाराचा ठिपका

दीपेशभाईची जिरवायला मला दोन महिने थांबावं लागलं. एका फोनमध्येही काम झालं असतं, पण तेवढ्यावर मला भागवायचं नव्हतं. तो चारचौघांत, स्वतःच्या तोंडाने उघडा पडावा अशी माझी इच्छा होती. इच्छा चांगली नव्हती हे मला तेव्हाही कळत होतं. मी ती सोडली नाही, एवढंच.

भांडण माझ्या बाच्या अक्षरांचं आहे, म्हणून आधी बा.

माझा बा म्हणजे लहान्या पेंटर. आशागडच्या पुढे आमचा पाडा. बा शाळेत गेला तो दुसरीपर्यंत. पण डहाणूपासून चिखल्यापर्यंत निम्म्या होड्यांवरची नावं, किराणा दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, सगळं त्याच्या हातचं. पाटीच्या कोपऱ्यात बारीक 'लहान्या' लिहायचा. त्याच्या अक्षरांची पोटं जरा खाली झुकलेली असायची, भरल्या मडक्यासारखी. लांबून पाहिलं तरी ओळखू यायची.

लहानपणी मी त्याचे ब्रश धुवायला जायचे. तो खडू लावलेली सुतळी दोन टोकांना ताणून सोडायचा, की फळीवर सरळ रेघ उमटायची. ती शिरोरेषा. मग त्या रेघेला सगळी अक्षरं लटकवायची, एकमेकांना चिकटून, नुसती. उकार नाहीत, मात्रा नाहीत, अनुस्वार नाहीत. ती झाली की खडूने प्रत्येक अक्षराचा एक ठिपका ठरवायचा. ग असेल तर उजवीकडच्या दांडीच्या टोकाशी. क असेल तर मधल्या दांडीच्या टोकाशी. ट ला खाली दांडीच नाही, म्हणून पोटाच्या बुडाशी. वर मात्रा किंवा अनुस्वार यायचा असेल तर वर आणखी एक. मग पाच पावलं मागे जाऊन, डोळे बारीक करून बघायचा आणि एखादा ठिपका पुसून कणभर सरकवायचा. सगळ्यात शेवटी बारीक ब्रशने त्या ठिपक्यांवर उकार आणि मात्रा. रंग वाळला की ओल्या फडक्याने ठिपके साफ. पाटी लागल्यावर ते कुणालाच दिसायचे नाहीत.

"बा, उकार लगोलग का नाय काढत?" असं मी एकदा विचारलं होतं.

"आधी अक्षरांना चालू दे गो," बा म्हणाला. "उकार त्यांच्या कडेवर बसतो. तो रस्त्यात जागा मागत नाय."

पुढे फ्लेक्स आला. २०१४ साली पालघर वेगळा जिल्हा झाला आणि गावोगावच्या पाट्यांवर ठाणे खोडून पालघर लिहायचं काम निघालं. बाने दोन डबे काळा रंग आणून ठेवला होता. सगळं काम फ्लेक्सवाल्यांकडे गेलं, त्यातलं बरंच डहाणू रोडच्या दीपेश ग्राफिक्सकडे. रंग डब्यातच वाळला. पुढच्या वर्षी बाला झटका आला आणि उजवा हात कायमचा थरथरायला लागला. आणि मी, त्याची पोर, त्याच दीपेश ग्राफिक्समध्ये टायपिंगला लागले, कारण काम तिथेच होतं. बाने अडवलं नाही. मलाच रोज त्या दुकानाची पायरी चढताना लाज वाटायची.

बाचा हात गेला तसं मी ठरवलं, त्याची अक्षरं जाऊ द्यायची नाहीत. मोबाईल घेऊन पाट्या आणि होड्या शोधत फिरले. चिखल्याच्या किनाऱ्यावर उलट्या ठेवलेल्या होडीखाली वाकून फोटो काढले. दुपारी दुकान रिकामं असायचं तेव्हा डबा खाता खाता एकेक अक्षर कॉम्प्युटरवर काढलं. मग ते आकार पेन ड्राइव्हवर घरी न्यायचे आणि जुन्या लॅपटॉपवर त्यांचा फाँट बांधायचा. फाँट म्हणजे टाइप करता येतील अशी अक्षरं. ते बांधायला मला कुणी शिकवलं नाही. मोडक्या इंग्रजीत नेटवर अनोळखी लोकांना प्रश्न विचारून शिकले.

पहिली ठेच तिथेच लागली. उकार हा स्वतः जागा न घेणारा तुकडा. टाइप केला की आधीच्या अक्षराच्या उजव्या कडेखाली लटकतो. ग, स, न, त यांची दांडी त्याच कडेला, म्हणून 'गु', 'सु' छान. पण 'फ'ची दांडी मध्ये आहे. 'फु' लिहिलं की उकार फच्या हातापलीकडे लोंबायला लागला. इंग्रजीवाले अशा वेळी कर्निंग करतात, म्हणजे ठरावीक दोन अक्षरं शेजारी आली की त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त करायचं. ए आणि व्ही तिरके असतात, मध्ये खिंडार दिसतं, ते बुजवायला हे बरोबर आहे. मीही तेच केलं. फ नंतर उकार आला तर डावीकडे ओढ, असं सांगितलं. उकार फच्या दांडीखाली आला खरा; पण कर्निंग एकट्या उकाराला हलवत नाही, त्याच्यामागून येणारी सगळी ओळ ओढते. 'फुगा' मधला ग येऊन फच्या हातावर चढला. ग मागे ढकलायला उकार आणि ग यांच्यात जागा वाढवली, तर 'फुगा' सुधारला आणि 'सुगी' बिघडली. तिथे उकार ओढलेला नव्हता, तरी ग पुढे ढकलला गेला आणि शिरोरेषा मधोमध तुटली. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी उभी असतात, त्यांना इकडेतिकडे सरकवलेलं चालतं. आपली एका रेघेला धरून चालतात. त्यांच्यात सरकवासरकवी केली की रेघ तरी तुटते नाहीतर एकमेकांच्या अंगावर तरी जातात.

मी लॅपटॉप बाला दाखवला. त्याने थरथरतं बोट पडद्यावर ठेवलं आणि म्हणाला, "ठिपके कुठं हायत?"

मग कळलं. फाँटमध्येही ठिपके देता येतात. नेटवरचे लोक त्याला अँकर म्हणत होते, होडीचा नांगर असतो तसा. प्रत्येक अक्षराला खाली एक ठिपका, वर एक. उकाराला त्याच्या वरच्या टोकाशी स्वतःचा ठिपका, अनुस्वाराला स्वतःचा. टाइप केलं की कॉम्प्युटर उकाराचा ठिपका अक्षराच्या खालच्या ठिपक्यावर नेऊन टेकवतो. उकार जागेवर बसतो आणि पुढचं अक्षर तसूभरही हलत नाही, कारण उकाराने रस्त्यात जागा मागितलेलीच नाही. 'कुं' लिहिलं तर उकार खाली, अनुस्वार वर. दोघं आपापल्या ठिपक्याला, एकाचं दुसऱ्याशी काही देणंघेणं नाही. कर्निंगने गेलं तर प्रत्येक अक्षर, त्याचा उकार, त्यावरचा अनुस्वार आणि त्यापुढचं अक्षर असा हिशेब जन्मभर संपला नसता. ठिपके मात्र अक्षरागणिक एकदाच.

सहा महिने मी ठिपके लावले. अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, सगळी. बा शेजारी बसून "जरा आत", "आता खाली" म्हणायचा. तेवढे सहा महिने तो परत पेंटर होता. फाँटचं नाव मी 'लहान्या' ठेवलं.

आकार दुकानाच्या कॉम्प्युटरवर होते आणि ठिपके माझ्या लॅपटॉपमध्ये. हे लक्षात असू द्या.

२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये, मी दुकानात एका लग्नपत्रिकेवर बसले असताना, संगीताचा मेसेज आला. संगीता माझी शाळेतली मैत्रीण, आता तलासरीला मास्तरीण. तिकडची एक वाचन संस्था पाड्यांवरच्या पहिलीच्या मुलांसाठी वाचनाचं पुस्तक काढत होती आणि त्यासाठी इथलंच, मुलांच्या ओळखीचं अक्षरवळण हवं म्हणून त्यांनी नमुने मागवले होते. संगीता त्या कामात होती. तिने एका नमुन्याचा फोटो पाठवून लिहिलं होतं, "हे तुझ्या बाचं अक्षर ना?"

बाचंच होतं. भरल्या मडक्यासारखी पोटं. वर ठळक नाव: 'दीपेश'. खाली: संकल्पना व रेखाटन, दीपेशभाई.

मी उठून काउंटरवर गेले. दीपेशभाई चहा पीत होता. फोन त्याच्यासमोर धरला.

"हे काय, दीपेशभाई?"

त्याने बघितलं, चहा खाली ठेवला नाही. "मस्त आलंय ना? वापीच्या माणसाकडून फाँट बनवून घेतला. इंग्लिश लोगो करतो तो. एक नंबर काम."

"अक्षरं माझ्या बाची आहेत."

"मशीन कोणाचं? लाइट कोणाची? टाइम कोणाचा?" तो हसला. "दुकानात केलं ते दुकानाचं, निलम. आणि तुझा बाप काय फाँट बनवणार? त्याला सही तरी धड येते का आता?"

मला बोलायचं खूप होतं. पर्स घेतली आणि पायरी उतरले, ती परत चढले नाही.

घरी बाला सांगावं की नाही ते कळत नव्हतं. सांगितलं. त्याने फोटो डोळ्यांजवळ नेऊन खालपर्यंत बघितला. मग म्हणाला, "माझं नाव नाय कुठं?" एवढंच. चिडला असता तर बरं झालं असतं. त्या एका वाक्यावर मी पुढचे दोन महिने काढले. बाचं नाव त्या अक्षरांखाली लागलं पाहिजे, आणि दीपेशचं निघालं पाहिजे. दुसरं काही मला नको होतं.

त्या संध्याकाळी मी फोटो मोठा करकरून बघितला आणि मला हसू फुटलं. नमुन्यात 'कु' दोनदा आला होता, 'कुत्रा' मध्ये आणि 'कुंपण' मध्ये. दोन्ही उकार केसाइतके वेगळ्या जागी होते. ठिपक्याने बसवलेला उकार दर वेळी तिथेच बसतो, पुन्हा पुन्हा, हजारदा. हे उकार कुणीतरी चित्र सरकवावं तसे माउसने एकेक करून सरकवले होते. म्हणजे दीपेशने आकार उचलले, वापीवाल्याने जोडाक्षरांचे नियम कुठल्यातरी फुकटच्या फाँटमधून घेतले असतील, पण ठिपके दोघांकडेही नव्हते. जोडाक्षरांचे नियम दुसऱ्याचे चालतात, ठिपके चालत नाहीत. ते त्या त्या अक्षराच्या अंगाचे असतात.

संगीताचा फोन आला. "मी उद्याच कमिटीला सांगते, चोरी आहे म्हणून."

"नको."

"अगं, नको काय?"

"सांगितलं तर तो म्हणेल, पोरगी जळते. दुकानाच्या मशीनवर सापडतील फाइली, त्याच दाखवेल. त्याला येऊ दे. पुढे काय आहे तुमचं?"

जानेवारीत तलासरीला चाचणी होती. मुंबईच्या कात्रेबाई येणार होत्या. अक्षरं जुळवण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांच्यासमोर फाँट भिंतीवर टाकून शब्द टाइप करून बघायचे होते. शब्दांची यादी करायचं काम संगीताकडे होतं आणि टाइप करायला माणूस हवा होता.

"यादी मी देते," मी म्हटलं. "आणि टाइपही मीच करते."

"निलम, हे बरोबर आहे का?"

"पहिलीच्या मुलांना न लागणारा एकही शब्द घालणार नाही. तूच तपासून घे."

आणि खरंच तपासून घेतली तिने. फुगा, सुगी, डुक्कर, कुंडी, हुशार, टुणटुण, दुधी, ठुशी, छुमछुम. एकाही शब्दावर तिला बोट ठेवता आलं नाही. ठेवता येणारच नव्हतं. तलासरी, चिखले, आशागड असले शब्द दीपेशच्या फाँटमध्ये झकास आले असते, आणि मी त्यातला एकही घातला नाही. मनातून मला एवढा आनंद झाला होता की मी त्या रात्री दोनदा जेवले.

जानेवारीतल्या त्या शनिवारी मी बाला घेऊन तलासरीच्या एसटीत बसले. त्याने धुतलेला सदरा घातला होता. कशाला चाललोय ते अर्धंच सांगितलं होतं. शाळेच्या हॉलमध्ये त्याला मागच्या बाकावर बसवलं. समोर चुन्याने रंगवलेली पांढरी भिंत, तिच्यावर प्रोजेक्टरचा उजेड.

दीपेशभाई इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. सोबत वापीवाला, मनिष नाव त्याचं. मला कॉम्प्युटरसमोर बसलेली बघून दीपेशभाईचा चेहरा पडला.

"ही इथे काय करते?"

"टाइपिंगला आहे," संगीता म्हणाली.

कात्रेबाईंनी चष्मा पुसला. साठीच्या, बारीक, सुती साडीतल्या. "नमुना फार आवडला मला," त्या म्हणाल्या. "अक्षरांना वजन आहे. कुणाचं आहे वळण?"

"माझंच, मॅडम," दीपेशभाई म्हणाला. "लहानपणापासून नाद."

मागे बाने खोकल्यासारखं केलं. मी मान वळवली नाही.

पहिला शब्द 'फुगा'. मी टाइप केला. भिंतीवर हातभर उंचीचा फ आला आणि त्याचा उकार दांडी सोडून उजवीकडे, ग च्या तोंडाशी लोंबत राहिला. मग 'डुक्कर'. ड चा उकार ड ला सोडून क्क च्या अंगणात. 'टुणटुण' मध्ये तर दोन्ही उकार हवेत. हॉलमधल्या मास्तरणी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"ही मुद्दाम चुकीचं दाबते!" दीपेशभाई उठून उभा राहिला. "हिने माझं दुकान सोडलंय, मॅडम, खुन्नस आहे हिची."

"खुन्नस आहे," मी म्हटलं. "पण बटणं तीच आहेत. तुम्ही दाबा."

मी खुर्ची सोडली. त्याने एका बोटाने शोधत शोधत 'फुगा' लिहिलं. भिंतीवर तोच फुगा आला. त्याने खोडून परत लिहिलं. परत तोच. मी मागे हाताची घडी घालून उभी होते. असं सुख मला त्याआधी कधी मिळालं नव्हतं आणि ते मी लपवलंही नाही.

"किरकोळ आहे," मनिष पुढे झाला. "कर्निंग राहिलं. दहा मिनिटं द्या."

"द्या," कात्रेबाई म्हणाल्या, आणि चहा मागवला.

त्याने लॅपटॉपवर खटाखट केलं. पहिल्यांदा 'फुगा' आला तो उकार जागेवर, पण ग फच्या हातावर चढलेला. त्याने पुन्हा खटाखट केलं. आता 'फुगा' नीट आला. दीपेशभाईने घाम पुसला आणि माझ्याकडे बघितलं, झालं ना असं.

"आता पुढचा शब्द घ्या," कात्रेबाई म्हणाल्या.

पुढचा 'सुगी' होता. मीच टाइप केला. सु आणि गी यांच्यामध्ये शिरोरेषेला बोटभर भगदाड. एका शब्दाचे दोन तुकडे. मनिषने ते बुजवलं, तर 'फुगा' परत बिघडला. तो पुन्हा 'फुगा'कडे गेला. मीही एके काळी अशाच या दोन शब्दांच्या मध्ये येरझाऱ्या घातल्या होत्या, म्हणून मला त्याची पुढची प्रत्येक चूक आधी दिसत होती. त्याची क्षणभर दया आली. दीपेशभाईची आली नाही.

"थांबा," कात्रेबाई म्हणाल्या. "अंतरं बदलून हे कधीच जमायचं नाही. दीपेशभाई, अक्षर तुम्ही काढलंत. मला एवढंच सांगा, तुमच्या क चा उकार कुठे टेकतो?"

"खाली."

"खाली कुठे? ट चा? ह चा? काढणाऱ्याला हे माहीत असतंच. त्याशिवाय अक्षर काढताच येत नाही."

दीपेशभाईने मनिषला कोपराने ढोसलं. मनिषने लॅपटॉप मिटला.

मागचा बाक वाजला. बा उठला होता. हे मी ठरवलेलं नव्हतं. मी त्याला फक्त बघायला आणलं होतं, दीपेश तोंडावर पडताना. तो बाकांच्या मधून हळूहळू चालत आला, टेबलावरचा निळा खडू उचलला आणि माझ्याकडे वळला.

"उकार काढ सगळे. नुसती अक्षरं ठेव."

मी ओळीत टाइप केलं: क फ ट ठ ड द ह, मध्ये जागा न सोडता. भिंतीवर त्याची अक्षरं एका रेघेला लटकली. होडीएवढी मोठी. बाने डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं. हात थरथरत होता, खडू भिंतीवर टकटक वाजत होता. पण ठिपका म्हणजे ठिपका. त्याला रेघ ओढायची नव्हती. क च्या मधल्या दांडीच्या टोकाशी एक. फ ला एक. ट च्या बुडाशी. ठ, ड, द. ह च्या शेपटीपाशी तो थांबला, पाच पावलं मागे आला, प्रोजेक्टरच्या उजेडात डोळे बारीक केले, परत गेला, तळव्याने पुसला आणि कणभर आत दुसरा लावला.

मी पेन ड्राइव्ह लावला. तीच ओळ, तेवढाच आकार, फाँट बदलला: 'लहान्या'. अक्षरं होती तिथेच राहिली, कारण शिरोरेषा जिथे संपते तिथेच अक्षर संपतं, आणि ती रुंदी दोन्हीकडे बाचीच होती. मग प्रत्येक अक्षराला उकार दिला. कु फु टु ठु डु दु हु. ओळ हलली नाही. सात उकार खाली उतरले आणि सात निळ्या ठिपक्यांवर टेकले.

कात्रेबाई उठून भिंतीपाशी गेल्या. ह चा ठिपका बोटाने तपासला. "तुमचं नाव काय?" त्यांनी बाला विचारलं.

बाने माझ्याकडे बघितलं. ते त्यानेच सांगायला हवं होतं.

"लहान्या," बा म्हणाला. "पेंटर हाय मी."

दीपेशभाई आम्हाला बाहेर, हायवेच्या नाक्यावर गाठायला आला. शर्ट पाठीला चिकटला होता. "निलम, ऐक ना बेन. मी आणखी चार जागी हाच फाँट द्यायचं कबूल केलंय. दुकानाची पाटी नवी लावली त्यात. तू फक्त ते ठिपके टाकून दे. खाली तुझं नाव टाकू. तुझ्या बापाचं पण टाकू, बारीक."

"बारीक?"

"बरं, मोठं टाकू."

"मशीन तुमचं, लाइट तुमची," मी म्हटलं. "ठिपके पण तुमचेच टाका."

बा म्हणाला, "दे गो टाकून. अक्षरं वाईट दिसतात." आयुष्यात पहिल्यांदा मी बाचं ऐकलं नाही.

पुस्तक जूनमध्ये आलं. शेवटच्या पानावर छापलं आहे: अक्षरं, लहान्या पेंटर, आशागड. बा ते पान अजून उशाशी ठेवतो.

आणि दीपेश ग्राफिक्सची पाटी अजून लटकते. 'कौटुंबिक पत्रिका, फुल कलर झेरॉक्स'. टु चा उकार निसटून ब कडे गेलेला, फु चा लोंबता. त्या पाटीपुरते ठिपके लावायला मला दहा मिनिटंही लागणार नाहीत. मी डहाणू रोडला गेले की मुद्दाम त्या रस्त्याने जाते आणि पाटी डोळे भरून बघते.

एक गोष्ट मात्र मला नंतर, घरी बसल्या बसल्या सुचली. 'लहान्या' या शब्दाला उकार नाही, मात्रा नाही, अनुस्वार नाही. त्याला एकाही ठिपक्याची गरज नाही. चोरलेल्या फाँटमध्येही हा शब्द बिनचूक आला असता. तेवढाच एक शब्द दीपेशभाईने कधी टाइप केला नाही.